शेवटचा ओढणारा

गाडीत किती पेट्रोल आहे ते काटा सांगतो. टाकीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते त्या काट्याशेजारचा बारीकसा बाण सांगतो. हा बाण फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन नावाच्या अभियंत्याला १९८६ साली सुचला. कंपनीची गाडी घेऊन तो पंपावर गेला, टाकी नेमकी पलीकडच्या बाजूला निघाली, आणि गाडी वळवून लावण्याच्या भानगडीत तो पावसात भिजला. भिजलेल्या माणसाने परत येऊन कागदावर सूचना लिहिली आणि जगभरच्या चालकांची सोय झाली. पण टाकीचं झाकण आज उघडणार आहे की नाही, हे सांगणारा काटा, बाण किंवा दिवा अजून कुणाला सुचलेला नाही. ते पंपावर गेल्यावरच कळतं. मागे चार गाड्या उभ्या असतात, नोझल हातात धरून मुलगा उभा असतो, आणि तो म्हणतो, "साहेब, झाकण खोला ना."

साहेब सीटच्या उजवीकडे वाकून खटका ओढतात. मुलगा म्हणतो, "नाही खुललं." साहेब पुन्हा ओढतात. मुलगा झाकणावर तळव्याने एक थाप मारतो, अगदी ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी. बहुतेक वेळा झाकण या थापेला मान देतं. आणि या थापेत शास्त्र आहे, हे त्या मुलाला कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्याला येतं.

झाकण म्हणजे बाहेरचं, गाडीच्या रंगाचं, बिजागरीवर फिरणारं. आतलं फिरकीचं बूच वेगळं. बाहेरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला एक आकडा असतो. टाकीच्या तोंडाभोवती जी वाटीसारखी खोबण असते, तिच्या भिंतीतून एक बोटभर पिन डोकावते आणि त्या आकड्याला अडकवून ठेवते. खटका ओढला की पिन आत सरकते, आकडा सुटतो, आणि बिजागरीजवळची स्प्रिंगची पट्टी झाकणाला बाहेर ढकलते. पिनेला सरकायचं असतं जेमतेम सेंटीमीटरभर. पण खटका आणि पिन यांच्यामध्ये तीनेक मीटरचं अंतर असतं. खटका चालकाच्या उजव्या हाताला, आणि आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकीचं तोंड मागे डावीकडे. म्हणजे वायर दाराच्या उंबऱ्यातून मागे जाते, मागच्या सीटखालून गाडी ओलांडते, आणि डाव्या चाकाच्या कमानीमागून वर चढते.

'वायर' हा गॅरेजमधला शब्द. क्लचची वायर, ब्रेकची वायर, तशी ही झाकणाची वायर. आत पोलादी तारांचा पीळ आणि बाहेर टणक आवरण, अशी ही रचना अर्नेस्ट बाऊडन याच्या नावाने ओळखली जाते. त्याचं पेटंट १८९६ सालचं. सायकलच्या ब्रेकमध्ये आपण सगळ्यांनी ती पाहिलेली आहे. तिची गंमत अशी की आतली तार ओढायची असेल तर बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना घट्ट बसलेलं असावं लागतं. आवरण एका टोकाला सुटलं, तर तारेबरोबर तेही वाकतं, सरकतं, आणि तुम्ही लावलेला जोर वाटेतच जिरतो. तार तुटलेली नसते, खटका हलतो, पिन मात्र जागची हलत नाही. न हलण्याचंसुद्धा काम असतं, आणि ते कुणीतरी करावं लागतं, हे घरोघरच्या एकेका माणसाकडे पाहून मला पटलेलंच होतं. बाऊडनने त्याचं पेटंट घेतलं इतकंच.

आता थापेचं शास्त्र. झाकण बंद असताना स्प्रिंगची पट्टी त्याला सतत बाहेर ढकलत असते, म्हणजे आकडा पिनेवर रेलून बसलेला असतो. पिन थोडी गंजलेली असली की हे रेलणंसुद्धा तिला जड होतं. झाकण आत दाबलं की आकड्याचा भार पिनेवरून उतरतो, आणि त्याच क्षणी कुणी खटका ओढून धरलेला असेल तर पिन सरकते. म्हणून पहिला उपाय नेहमी दोन माणसांचा: एकाने खटका ओढून धरायचा, दुसऱ्याने झाकणाची बिजागरीसमोरची कड तळव्याने दाबून सोडायची. जोर नको, लय हवी. एकट्याने हे करायचं तर हात दोन मीटर लांब असावे लागतात.

त्याआधी खटक्याचं म्हणणं ऐकून घ्यावं. तो हाताला तीन गोष्टी सांगू शकतो. नेहमीसारखाच लागला, मागून 'टक' असा आवाजही आला, पण झाकण उठलं नाही, तर वायर आणि पिन ठीक आहेत. बिजागरी गंजली आहे किंवा स्प्रिंगची पट्टी पडली आहे. अशा वेळी दुसऱ्या माणसाने कडेला नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचललं तरी काम होतं. खटका लुळा पडला, काही अडवतच नाही असं वाटलं, तर तार तुटली आहे, टोकाचा मणी निसटला आहे, किंवा आवरण जागचं सुटलं आहे. आणि खटका जड झाला, रेटून वर आला, सोडल्यावर आपणहून खाली गेला नाही, तर गंज आहे; पिनेत किंवा वायरीच्या आवरणात. हा तिसरा निरोप सर्वात महत्त्वाचा, आणि तोच सर्वात कमी ऐकला जातो. कारण जड खटका उघडतो तर खरा! जे अजून चालू आहे त्याची तक्रार ऐकायला आपल्याकडे वेळ नसतो.

आमच्या सोसायटीतल्या काकांचा खटका असा दोन पावसाळे बोलत होता. सोसायटी ठाण्यात, खाडीच्या बाजूला. हवेत मीठ, गाडी उघड्यावर. त्यात काकांनी गाडीला सीएनजीचं किट बसवून घेतलेलं. अशा बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गॅस भरायचं तोंड बहुधा बॉनेटखाली असतं, त्यामुळे पंपावर बॉनेट उघडतं आणि पेट्रोलचं झाकण बंदच राहतं. गाडी सुरू होताना थोडं पेट्रोल पिते आणि मग गॅसवर जाते. पाच-सातशे रुपयांचं पेट्रोल काकांना महिनोन् महिने पुरायचं. काटकसरीचा हा आनंद ते गच्चीवर सर्वांना वाटायचे. पण जी पिन दर आठवड्याला सरकते ती स्वतःला घासून घेते, आणि जी महिनोन् महिने एकाच जागी बसते तिच्यावर गंज निवांत बसतो. सीएनजीच्या जुन्या गाड्यांत झाकण अडकण्याचं प्रमाण जास्त का, असं गॅरेजच्या मिस्त्रींना विचारलं तर ते फक्त हसले. धंद्याचं गुपित असावं.

गणपतीला काका गावी निघायचे होते, रत्नागिरीच्या पुढे. तिकडे गॅसच्या रांगेत दिवस घालवायचा नाही, टाकी पेट्रोलने फुल करायची, असा बेत. आदल्या संध्याकाळी पंपावर खटका अर्ध्यात अडला. थाप झाली, दाबून सोडणं झालं. काका परत आले आणि त्यांनी भाच्याला बोलावलं. भाचा रोज सकाळी जिमला जाणारा. "मामा, बाजूला व्हा," एवढंच म्हणून त्याने खटका ओढला. कुठेतरी बारीकसा 'टण्' झाला आणि खटका त्याच्या हातात एकदम सोज्वळ झाला. नंतर तो कितीही वेळा वर-खाली केला तरी काही म्हणेना.

"तोडलीस!" काकू वरच्या गॅलरीतून म्हणाल्या. तीन मजल्यांवरून त्यांनी केलेलं निदान बरोबर होतं, पण अपुरं होतं.

मग सोसायटीतल्या सूचना आल्या. एकाने मोठा स्क्रू ड्रायव्हर आणला. तो फटीत घालून झाकण उचकटलं तर उघडेल, यात शंका नाही. पण पत्रा वाकतो, कडेचा रंग उडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात गंजाला नवं बिऱ्हाड मिळतं. शिवाय वाकलेलं झाकण मग नीट बंद होत नाही, ते दुखणं वेगळंच. दुसऱ्याने जुनं एटीएम कार्ड सुचवलं. ते वाईट नाही. प्लास्टिक रंगाला इजा करत नाही, आणि काही गाड्यांत आकडा बाजूला सरकवता येतो. इथे कार्ड आत गेलं आणि मोडलं. तिसऱ्याने ग्राइंडर आणि चौथ्याने गरम हवेची बंदूक सुचवली, तेव्हा मिस्त्रींना फोन करायचं ठरलं. पेट्रोलच्या तोंडाशी ठिणगी आणि उष्णता या दोन गोष्टी सूचना म्हणूनसुद्धा नकोत.

मिस्त्री स्कूटरवर आले. त्यांनी झाकणाकडे पाहिलंच नाही. सरळ डिकी उघडली. मला हे फार आवडलं. सगळे जण अर्धा तास झाकणाभोवती उभे होते, आणि जे मागून सुटतं ते पुढून उचकटायला बघत होते.

डिकीत गॅसचा सिलिंडर आडवा बसलेला. पेट्रोलच्या तोंडाची खोबण डिकीच्या डाव्या भिंतीमागे. त्या भिंतीवरचं फेल्टचं अस्तर प्लास्टिकच्या क्लिपांनी लावलेलं असतं. क्लिपेच्या मधला खिळा आधी उचलायचा, मग क्लिप बाहेर येते; नुसती ओढली तर मान तुटते आणि अस्तर पुढे कायमचं फडफडत राहतं. मिस्त्रींनी सिलिंडरच्या पट्ट्यांना आणि गॅसच्या नळीला हात लावला नाही. "ते काम ज्याचं त्याने करायचं," असं म्हणून ते सिलिंडर आणि भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत खांद्यापर्यंत हात घालून आडवे झाले. भाच्याला मोबाईलचा उजेड धरायचं काम मिळालं. त्याचे दंड त्या फटीत गेले नसते.

आत दिसलं ते असं. खोबणीच्या मागच्या अंगाला प्लास्टिकचा बुडखा, त्यात पिन, पिनेच्या शेपटीला वायरीचं टोक. मिस्त्रींनी नोज प्लायरने शेपटी धरून ओढली. हलली नाही. तेव्हा ते म्हणाले, "वायर पुढं तुटलीय. पण बिघाड हितं हाय."

या एका वाक्यासाठी मी हा सगळा प्रकार लिहितो आहे. तार तुटली ती खटक्यापाशी, कारण तिथे ती वळते आणि तिथेच तिच्यावर सर्वात जास्त ताण येतो. तुटली भाच्याच्या हातून. पण ती तुटावी अशी वेळ आणली तीन मीटर मागे बसलेल्या, कुणालाही न दिसणाऱ्या पिनेने. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. पिन ज्या भोकातून सरकते ते तिच्या मापाचंच असतं, जास्तीची जागा कुठून येणार? मग पिन भोकात ठासून बसते. खटका जड होतो. चालक थोडा अधिक जोर लावतो. पिळातली एक तार तुटते, मग दुसरी. कुणाला पत्ता लागत नाही, कारण उरलेल्या तारा ओझं वाहत असतात. आणि एका संध्याकाळी शेवटच्या दोन-तीन तारा ज्याच्या हातात तुटतात, त्याच्या नावावर सगळा हिशेब लिहिला जातो. अशा वेळी नुसती नवी वायर टाकली तर काय होतं? ती नवी असल्यामुळे थोडे जास्त दिवस ओढते, आणि मग तिथेच तुटते. दोन वेळा वायर बदललेल्या गाड्या मिस्त्रींकडे येतात, त्या अशा.

मिस्त्रींनी पिनेच्या शेपटीवर गंज सोडवायच्या तेलाचा फवारा मारला; लांब बारीक नळीने, नेमका भोकाच्या तोंडाशी. मग चहा मागवला. हा चहा म्हणजे आळस नव्हे. ते तेल पातळ असतं, गंजाच्या फटींतून झिरपायला त्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात ओढाताण केली तर पिनेची शेपटी तुटू शकते. चहा संपल्यावर त्यांनी पिन ओढली नाही. आधी आत-बाहेर, आत-बाहेर अशी केसभर हलवली. एकाच दिशेला ओढलं की गंज पाचरीसारखा अडकतो, दोन्हीकडे हलवलं की तो भुगा होऊन सुटतो. पाच-सहा हेलकाव्यांनंतर तांबूस पाणी ओघळलं. "आता दाबा भाईर्न," मिस्त्री आतून म्हणाले. काकांनी झाकण तळव्याने दाबलं, सोडलं, आणि ते उघडलं.

पिन नसती हलली, तर पुढची पायरीही त्यांच्याकडे होती. बऱ्याच गाड्यांत तो प्लास्टिकचा बुडखा खोबणीत पाव आट्याने बसवलेला असतो. तो फिरवून पिनेसकट डिकीच्या बाजूला काढून घेतला की आकड्याला अडवायला काही उरतच नाही. जुनं प्लास्टिक अशा वेळी तडकू शकतं, म्हणून ती दुसरी पायरी, पहिली नव्हे. आणि काही गाड्यांत कंपनीनेच पिनेला दोरी बांधून ती डिकीच्या अस्तरामागे ठेवलेली असते, फक्त अशा प्रसंगासाठी. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात ती कुठे आहे ते लिहिलेलं असतं. ते पुस्तक कुठे आहे, ते मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

झाकण उघडल्यावर काका हात धुवायला निघाले, तर मिस्त्रींनी त्यांना थांबवलं आणि खोबणीच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे एक भोक असतं. खोबणीत शिरलेलं पावसाचं पाणी त्यातून खाली, चाकाच्या कमानीत जातं. काकांच्या गाडीत ते भोक धूळ, पानांचा चुरा आणि कुठल्याशा किड्याच्या मातीने पूर्ण बुजलेलं होतं. म्हणजे दोन पावसाळे खोबणीत पाणी साचत होतं आणि पिनेला वाफारा मिळत होता. तार तुटली पुढे, पिन गंजली मागे, आणि कारण पिनेच्याही खाली, एका करंगळीएवढ्या भोकात. मिस्त्रींनी नायलॉनच्या टायची शेपटी आत घालून चिखल सोडवला. लोखंडी तार घालायची नाही. खाली रबराची नळी असली तर ती फाटते. मग आतलं बूच घट्ट आहे ना ते बघून भांडंभर पाणी ओतलं, आणि ते मागच्या चाकाशी टपटपायला लागल्यावर ते समाधानाने उठले.

पिन बारीक पॉलिश पेपरने घासली. तिच्यावर ग्रीसचा पातळ हात दिला, बिजागरीलाही दिला. गंज सोडवायचं तेल काम झालं की उडून जातं, त्याच्या भरवशावर पुढचा पावसाळा काढता येत नाही. ग्रीस जास्त झालं तर त्यावर धूळ चिकटते आणि तिचा लगदा होतो, म्हणून पातळ. नवी वायर त्या रात्री मिळणार नव्हती. मिस्त्रींनी पिनेच्या शेपटीला नायलॉनची मजबूत दोरी बांधली, क्लिपेच्या भोकातून डिकीत काढली आणि टोकाला गाठ मारली. काका गणपतीला दोरी ओढत गेले. पंपावर काकू उतरायच्या, डिकी उघडायच्या आणि दोरी ओढायच्या. वाटेत पंपावरच्या लोकांना त्या ती पद्धत समजावून सांगत होत्या, असं भाचा म्हणाला.

परतल्यावर वायर पडली. वस्तू स्वस्त, मजुरी महाग, कारण उंबऱ्याची पट्टी, गालिच्याची कड, मागच्या सीटची बैठक, सगळं उचलावं लागतं. जुनी वायर ओढण्याआधी तिच्या टोकाला सुतळी बांधायची, म्हणजे ती निघताना मागे सुतळीचा रस्ता सोडून जाते आणि नवी त्याच रस्त्याने येते. ही युक्ती जिथे आवरण पत्र्याच्या चापांत अडकवलेलं असतं तिथे चालत नाही. तिथे एकेक चाप सोडवायचा, आणि परत बसवायचा न विसरता. कारण न हलण्याचं काम त्याच चापांचं असतं.

शेवटी मिस्त्रींनी एक गोष्ट केली, ती मी आता सगळ्यांना सांगतो. झाकण उघडं असतानाच त्यांनी काकांना खटका ओढायला लावला आणि स्वतः खोबणीतल्या पिनेकडे बघत बसले. पिन पूर्ण आत गेली. सोडल्यावर पूर्ण बाहेर आली. बोटाने दाबून पाहिली, स्प्रिंगने तिला लगेच परत आणलं. असं सात-आठ वेळा झाल्यावरच झाकण बंद केलं. काका घाईत आधी झाकण लावायला गेले तेव्हा त्यांनी हात आडवा घातला होता: "उघडं हाय तवर तपासा. बंद झाल्यावर तपासायचं काय उरतं?"

काका आता महिन्यातून एकदा तरी पेट्रोलचं झाकण उघडून बंद करतात. पेट्रोल घ्यायचं नसलं तरी. खटका जरा जड लागला तर तेलाची नळी घेऊन खाली येतात. सोसायटीत त्यांच्या शब्दाला या बाबतीत वजन आलं आहे, आणि कुणाचंही झाकण अडलं की ते आधी डिकी उघडायला सांगतात. पिन, पाणी, भोक हा सगळा क्रम त्यांना पाठ आहे आणि तो ते न चुकता सांगतात. त्यांचं सांगून संपेपर्यंत काकू शांतपणे ऐकून घेतात, आणि मग पाहुण्यांना म्हणतात, "ते सगळं खरं, पण वायर तोडली ती भाच्यानेच."